कॅथेटरच्या लघवीत जंतू सापडले, तरी औषध का नाही? कल्चर रिपोर्ट वॉर्डातून कसा वाचावा

प्रश्न: "मी सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. पॅरालिसिसच्या एका आजींना ११ दिवसांपासून कॅथेटर होतं. लघवी गढूळ दिसली म्हणून कल्चरला पाठवली. त्याच दिवशी लॅबचा फोन आला की ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय दिसतायत. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: क्लेबसिएला न्यूमोनी, एक लाखाच्या वर, आणि खाली सगळीकडे आर. कोलिस्टिनपुढे आय. आजींना ताप नाही. सरांनी अँटिबायोटिक लिहिलंच नाही, कॅथेटर काढायला सांगितलं आणि कॉन्टॅक्ट प्रिकॉशन लिहिलं. नातेवाईक विचारतात, एवढे जंतू आहेत तर औषध का नाही? मला नीट सांगता आलं नाही. हा रिपोर्ट नर्सने वाचायचा कसा आणि करायचं काय?"

उत्तर:

तुमच्या सरांनी केलं ते बहुधा बरोबर आहे. "बहुधा" एवढ्यासाठी, की आजींना मी पाहिलेलं नाही. त्यांचं बीपी, शुद्ध, पोटात किंवा कमरेत दुखतंय का, यावर बरंच अवलंबून असतं आणि शेवटचा निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून बोलायचं, तर हा कागद आजींपेक्षा कॅथेटरविषयी जास्त सांगतोय. मी बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि आता इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून लॅब आणि वॉर्ड यांच्यामध्ये धावपळ करते. हा गोंधळ मला सारखा दिसतो, आणि तो फक्त नर्सचाच होतो असं नाही.

सोलापूरकरांना पाणी साठवून ठेवायची सवय आहेच. हौद बरेच दिवस घासला नाही तर त्याच्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो. पाणी बदललं तरी तो थर जात नाही. कॅथेटरच्या नळीत आतून-बाहेरून जंतू असाच थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. कॅथेटर घातल्यापासून दर दिवशी शंभरातल्या साधारण ३ ते ७ पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. महिनाभर कॅथेटर राहिलं तर जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत ते सापडतात. तुमच्या आजींना ११ दिवस झाले होते. त्यामुळे जंतू सापडले याचं नवल नाही. त्या जंतूंनी आजींना आजारी पाडलंय का, हे बघायचं. ते ठरवायला लॅबचा कागद पुरत नाही, टीपीआर चार्ट आणि तुमची नजर लागते.

आता रिपोर्ट ज्या क्रमाने तुमच्याकडे आला त्याच क्रमाने बघू.

पहिल्या दिवशीचा फोन

लॅबमध्ये तुमच्या नमुन्यातला एक थेंब, सेंट्रिफ्यूज न करता, काचपट्टीवर वाळवून ग्रॅमची रंगक्रिया करतात. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेली ही रीत आजही जवळपास तशीच चालते. आधी क्रिस्टल व्हायोलेट, साधारण एक मिनिट. मग आयोडीन, तेही साधारण एक मिनिट. मग अल्कोहोल किंवा ॲसिटोनने काही सेकंदच धुवायचं, आणि शेवटी सॅफ्रनिन. ज्या जंतूची भिंत जाड असते तो जांभळा रंग धरून ठेवतो, तो ग्रॅम पॉझिटिव्ह. भिंत पातळ असेल तर जांभळा रंग धुऊन जातो आणि सॅफ्रनिनचा गुलाबी चढतो, तो ग्रॅम निगेटिव्ह. बॅसिलाय म्हणजे काडीसारखे, कॉकाय म्हणजे गोल. सगळा खेळ त्या धुण्याच्या काही सेकंदांवर आहे. जास्त धुतलं तर पॉझिटिव्ह जंतूही गुलाबी दिसतो, म्हणून चांगल्या लॅबमध्ये माहीत असलेल्या जंतूंची पट्टी सोबत रंगवून रंग पडताळतात.

सेंट्रिफ्यूज न केलेल्या लघवीत, १०० च्या ऑइल लेन्सखाली दर फील्डला एक किंवा जास्त जंतू दिसले तर कल्चरमध्ये एका मिलीलिटरला एक लाख किंवा त्याहून जास्त येणार असा अंदाज बांधता येतो. म्हणजे लॅबला पहिल्याच दिवशी बरंच कळलेलं होतं. पण त्या फोनमधून काय कळत नाही, तेही लक्षात ठेवा. गुलाबी काडी ई. कोलायचीही असते, क्लेबसिएलाचीही आणि स्यूडोमोनासचीही. नाव कळत नाही, कुठलं औषध लागू पडेल हे कळत नाही, आणि जंतू पेशंटला त्रास देतोय की नळीत नुसता राहतोय हेही कळत नाही.

त्याच पट्टीवर लॅबवाले आणखी दोन गोष्टी बघतात. एक, पस सेल्स. दुसरी, चपट्या मोठ्या एपिथेलियल पेशी. या पेशी भरपूर दिसल्या तर बाहेरच्या त्वचेचा मळ नमुन्यात आलाय, असा संशय घ्यायचा. पस सेल्सच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही: कॅथेटर असलेल्या पेशंटच्या लघवीत पस सेल्स असतातच, कारण नळी आतून टोचत असते. नुसत्या पस सेल्सवरून इन्फेक्शन म्हणता येत नाही. गढूळ लघवी आणि वास, हेही तसंच. "लघवी गढूळ" एवढ्यासाठीच कल्चर पाठवायची पद्धत अनेक वॉर्डांत आहे. माझ्या मते इथूनच घोळ सुरू होतो. गढूळ दिसली की आधी नळी मुडपली आहे का, बॅग मूत्राशयाच्या वर टांगली आहे का, पेशंट पाणी पुरेसं पितोय का, हे बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अर्ध्या पेशंटांची लघवी पाणी कमी पडल्यानेच गडद आणि गढूळ होते.

रक्ताच्या कल्चरच्या बाटलीतून ग्रॅमचा फोन आला तर मात्र वेगळं आहे. रक्तात जंतू नसायलाच हवेत. तिथे "ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय" हे शब्द कानावर पडले की वेळ, सांगणाऱ्याचं नाव, पेशंटचं नाव लिहून घ्यायचं, लॅबला तेच वाचून दाखवायचं आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं. रात्रीचे तीन वाजले असले तरी. लघवीच्या फोनला ती घाई नसते.

एक लाख हा आकडा

कल्चरसाठी लॅबवाले १ मायक्रोलिटर, म्हणजे मिलीलिटरचा हजारावा भाग मावेल अशा तारेच्या लूपने लघवी प्लेटवर पसरतात आणि ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवतात. दुसऱ्या दिवशी जितके ठिपके उगवतात त्यांना हजाराने गुणायचं. शंभर ठिपके म्हणजे एका मिलीलिटरला एक लाख. क्लेबसिएला मॅकॉन्की प्लेटवर गुलाबी, ओलसर, चिकट उगवतो. लूप लावून उचलला की तार निघते. दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारचे ठिपके उगवले तर "मिक्स्ड ग्रोथ, नमुना पुन्हा पाठवा" असं लिहून येतं. तेव्हा लॅबवर चिडू नका, नमुना कसा घेतला गेला ते आठवा.

एक लाख हा आकडा १९५० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड कॅस यांनी रूढ केला, तोही स्वतः लघवी करणाऱ्या स्त्रियांच्या मधल्या धारेच्या नमुन्यावरून. कॅथेटरच्या पेशंटला तो जसाच्या तसा लावता येत नाही. लक्षणं असतील तर कॅथेटरच्या नमुन्यात हजार जंतूही महत्त्वाचे धरतात. लक्षणं नसतील तर लाखावर असूनही औषध देत नाहीत.

शिवाय हा आकडा तुमच्या हातात बिघडू शकतो. समजा नमुन्यात मिलीलिटरला फक्त १,००० जंतू होते. तुम्ही दुपारी एकला घेतला, डबी नर्सिंग स्टेशनच्या काउंटरवर ठेवली आणि लॅबचा माणूस साडेचारला आला. मे महिन्यातली सोलापूरची दुपार, एसी नाही, खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाएवढं. जंतू अर्ध्या तासाला एकदा दुप्पट होतो असं धरलं, तर साडेतीन तासांत सात वेळा दुप्पट होऊन ते १,२८,००० होतात. रिपोर्टवर "एक लाखाच्या वर" छापून येतं आणि ते खोटंही नसतं. प्लेटवर तेवढे उगवलेच. फक्त ते पेशंटमध्ये नव्हते, डबीत वाढले.

म्हणून नमुना एक-दोन तासांत लॅबला पोचायला हवा. जमत नसेल तर लगेच फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांवर, आणि तिथे २४ तासांपर्यंत चालतो. फ्रीज औषधांचा किंवा डब्यांचा नको, नमुन्यांचा वेगळा. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडून नमुने शहरात पाठवणाऱ्या छोट्या हॉस्पिटलांनी बोरिक ॲसिड असलेल्या डब्या लॅबकडून मागून घ्याव्यात. त्यात जंतू वाढत नाहीत, पण डबीवर जिथपर्यंत रेघ आहे तिथपर्यंत लघवी भरावी लागते. कमी भरली तर ॲसिडचं प्रमाण जास्त होऊन जंतूच मरतात. रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांचं मात्र उलटं. त्या फ्रीजमध्ये कधीही ठेवायच्या नाहीत.

आणि नमुना घ्यायचा कुठून? बॅगेतून कधीच नाही. बॅगेत लघवी तासन्‌तास साठलेली असते आणि खालच्या नळाला सगळ्यांचे हात लागलेले असतात. नळी आणि बॅग जोडलेली आहे तिथे सुटी करूनही नाही, कारण तिथून जंतू आत शिरतात. नळीवर सॅम्पलिंग पोर्ट असतो, त्याच्या खाली थोडा वेळ, जास्तीत जास्त १५ ते ३० मिनिटं, क्लॅम्प लावा. हात धुऊन ग्लोव्ह घाला, पोर्ट अल्कोहोलच्या स्वॅबने १५ सेकंद घासा, वाळू द्या. मग स्टराईल सिरिंजने ५ ते १० मिली ओढा, स्टराईल डबीत घाला आणि क्लॅम्प आठवणीने काढा. क्लॅम्प विसरणं हा आमच्याकडे नमुना चुकण्याइतकाच जुना आजार आहे! लेबल पेशंटच्या कॉटजवळच लावा. त्यावर नमुना घेतल्याची वेळ, "कॅथेटर युरीन" आणि किती दिवसांचं कॅथेटर, हे हवंच. अँटिबायोटिक चालू असेल तर फॉर्मवर लिहा. हे लिहिलं नसेल तर लॅबवाल्यांना ही लघवी मधल्या धारेची आहे की नळीतली हे कळायला मार्ग नाही.

आणखी एक. लक्षणं आहेत आणि कॅथेटर दोन आठवड्यांच्या वर राहिलंय, तर जुन्या नळीतून घेतलेला नमुना मुख्यतः त्या बुळबुळीत थराचा असतो. अशा वेळी नळी बदलून, नव्या नळीतून आलेली लघवी पाठवायची. आणि आता नळीची गरजच उरली नसेल, तर नळी काढून, पेशंटला जमत असेल तर मधल्या धारेची.

आर, आर, आर

आता मुख्य कागद. सेन्सिटिव्हिटीसाठी उगवलेला जंतू म्यूलर-हिंटन प्लेटवर पसरून त्यावर औषधांच्या गोल चकत्या ठेवतात. १६ ते १८ तासांनी चकतीभोवती किती मिलिमीटर जागा मोकळी राहिली ते मोजतात आणि ठरलेल्या तक्त्याशी ताडून एस, आय किंवा आर लिहितात. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे लागू पडत नाही, आय ही मधली श्रेणी. मोठ्या लॅबमध्ये हेच काम मशीन करतं आणि एमआयसी देतं, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला औषधाचं कमीत कमी किती प्रमाण लागलं तो आकडा. म्हणून अंतिम रिपोर्टला तिसरा दिवस उजाडतो. लॅब ढिली असते म्हणून नव्हे.

सगळे आर एकसारखे नसतात. क्लेबसिएलाला ॲम्पिसिलिनपुढे आर येणारच, ते त्याच्या जातीतच आहे. जगातला सर्वांत साधा क्लेबसिएलाही ॲम्पिसिलिनला दाद देत नाही. त्या आरने घाबरायचं कारण नाही. तुम्ही नजर न्यायची ती इमिपेनेम आणि मेरोपेनेम या कार्बापेनेम गटातल्या औषधांच्या दोन ओळींकडे. तिथे आर असेल तर हा कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेबसिएला आहे, आणि तुमच्या सरांनी कॉन्टॅक्ट प्रिकॉशन लिहिलं ते या ओळींमुळे. असे जंतू प्रतिकाराची जनुकं दुसऱ्या जंतूंनाही देऊ शकतात, म्हणून एका कॉटवरून शेजारच्या कॉटवर गेलेला क्लेबसिएला आपल्याला महागात पडतो.

कोलिस्टिनपुढचा आय बघून नातेवाईकच काय, ज्युनिअर डॉक्टरही हादरतात. बहुतेक लॅब ज्या अमेरिकन सीएलएसआय या संस्थेच्या तक्त्याने वाचतात, त्यात २०२० पासून या गटातल्या जंतूंसाठी कोलिस्टिनला एस ही श्रेणीच ठेवलेली नाही. चांगल्यात चांगला निकाल आय. कारण हे औषध किडनीला त्रास देतं, आणि लॅबमध्ये जंतू मारला तरी पेशंटमध्ये हवा तेवढा गुण येईलच याची खात्री नाही. त्यामुळे तुमच्या रिपोर्टवरचा आय म्हणजे "अर्धवट बिघडलेला" असा अर्थ नाही. मात्र कोलिस्टिनची तपासणी चकतीने भरवशाची होत नाही, ती ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन नावाच्या वेगळ्या रीतीने करावी लागते. रिपोर्टवर कुठली रीत वापरली ते लिहिलेलं असतं. नसेल तर डॉक्टरांना लॅबला विचारायला सांगा.

एमआयसीच्या आकड्यांबाबतही एक सांगते. एका औषधापुढे १ आणि दुसऱ्यापुढे ८ असेल तर पहिलं औषध आठपट चांगलं, असं अजिबात नाही. प्रत्येक औषधाची हद्द वेगळी असते. कमी आकडा बघून "सर, हे द्या ना, ह्याचा आकडा कमी आहे" म्हणणारे नातेवाईक तुम्हाला भेटतील. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचेच नसतात. त्या औषधाच्या ओळीतलं एस-आय-आर तेवढं वाचायचं. आणि एस आहे म्हणजे कुठल्याही जागी चालेल, असंही नाही. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत उतरतं, रक्तात आणि किडनीच्या मांसात पुरेसं साठत नाही. मूत्राशयाच्या साध्या इन्फेक्शनला ते उत्तम, पण थंडी वाजून ताप आलेल्या, कमरेत दुखणाऱ्या पेशंटला, रिपोर्टवर एस असूनही निरुपयोगी.

मग औषध का नाही

आजींना ताप नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, पण थंडी, ओटीपोटात दुखणं, कमरेच्या बाजूला हात लावल्यावर कळवळणं, बीपी उतरणं, यातलं काही नसावं असं धरते. मग ही लक्षणांशिवायची बॅक्टेरियुरिया. यात औषध दिलं तर लघवीतले जंतू काही दिवस कमी होतात, नळी आत असेपर्यंत पुन्हा येतात, आणि येतात ते त्या औषधाला पचवलेले. सोबत जुलाब, किडनीवर ताण. म्हणून अशा पेशंटांना औषध देऊ नये असंच मार्गदर्शक तत्त्वांत आहे. गरोदर बाई असेल, किंवा मूत्रमार्गात दुर्बीण घालून रक्त निघेल असं ऑपरेशन ठरलं असेल, तर वेगळं. तिथे लक्षणं नसली तरी उपचार करतात.

पॅरालिसिसच्या पेशंटमध्ये एक अडचण खरी आहे. त्यांच्यातल्या अनेकांना दुखतंय हे सांगता येत नाही. त्यामुळे तुमच्या नोंदीला वजन येतं. ओटीपोटावर हात ठेवल्यावर चेहरा आक्रसतो का, नेहमीपेक्षा जास्त झोपतात का, खाणं अचानक तुटलं का. अशा आजी एकदम भ्रमिष्ट झाल्या तरी लगेच लघवीवर खापर फोडू नका. शुगर, सोडियम, पाणी कमी पडणं, छाती भरणं, बद्धकोष्ठ, नवीन चालू केलेलं झोपेचं औषध, हे सगळं डॉक्टर आधी बघतात.

नातेवाईकांना मी साधारण असं सांगते: "काका, हे जंतू नळीत आहेत. रक्तात गेलेले नाहीत, ताप नाही. औषध दिलं तर नळीतले जंतू मरत नाहीत, उलट पुढे खरंच गरज पडली तर औषधच उरणार नाही. म्हणून नळी काढतोय. ताप आला की आम्ही लगेच बघू." आपल्याकडे घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी माणसं पुष्कळ. वॉर्डात ती भाषा येणाऱ्या मावशी असतील तर त्यांना शेजारी उभं करा, पण वैद्यकीय भाग डॉक्टरांनी किंवा तुम्हीच सांगा. "जंतूंना औषधच नाही" हे वाक्य मात्र कोणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका. घरी पोचेपर्यंत त्याचं "आजी वाचत नाहीत" होतं.

वॉर्डात तुमचं काम

कॉन्टॅक्ट प्रिकॉशनमध्ये ग्लोव्ह आणि एप्रन सगळे करतात. चुकतं ते भांड्यात. एका खासगी हॉस्पिटलमध्ये मी पाहिलं: लघवी मोजायचा एकच प्लास्टिकचा जग, सकाळी सहाला मामा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोच घेऊन बॅगा रिकाम्या करत निघाले होते. बॅगेचा नळ जगाच्या काठाला टेकत होता. ग्लोव्हही तेच, सगळ्या कॉटना. एका कॅथेटरवरचा क्लेबसिएला पुढच्या चार कॅथेटरवर न्यायची याहून सोपी वाट नाही. आजींसाठी वेगळा जग ठेवा, त्यावर कॉट नंबर लिहा, नळ काठाला टेकू देऊ नका, आणि त्यांची बॅग सर्वांत शेवटी रिकामी करा. प्रत्येक बॅगेनंतर ग्लोव्ह काढून हात स्वच्छ. क्लेबसिएला अल्कोहोलच्या हँडरबने मरतो, हात दिसायला मळलेले असतील तर मात्र साबण-पाणी.

बीपीचा पट्टा, थर्मामीटर, स्टेथोस्कोप आजींच्या कॉटलाच ठेवा. स्वतंत्र खोली असेल तर उत्तम. नसेल तर कोपऱ्यातली कॉट द्या, आणि शेजारी कॅथेटर किंवा सेंट्रल लाइन असलेला पेशंट नको. काढलेलं कॅथेटर आणि युरोबॅग लाल पिशवीत, बॅगेतली लघवी आधी संडासात किंवा स्लुइसमध्ये ओतून. नमुना घेताना सुई वापरली असेल तर ती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. हा जंतू पेशंटच्या आतड्यात महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणून आजींना दुसऱ्या हॉस्पिटलला किंवा फिजिओथेरपी सेंटरला पाठवताना डिस्चार्ज कार्डवर जंतूचं नाव आणि "कार्बापेनेम रेझिस्टंट" हे शब्द लिहिलेले आहेत ना, ते बघा. घरी नेल्यावर घरच्यांना एप्रन-ग्लोव्हची गरज नाही. डायपर बदलल्यावर साबणाने हात धुणं पुरतं.

कॅथेटर काढलं की काढल्याची वेळ लिहा आणि पहिली लघवी केव्हा व किती झाली तेही लिहा. सहा ते आठ तासांत झाली नाही, किंवा ओटीपोट फुगलेलं लागलं, तर डॉक्टरांना कळवा. पॅरालिसिसमध्ये लघवी अडकून राहणं नेहमीचं आहे. डायपर ओला झाला म्हणजे मूत्राशय रिकामं झालं असंही नाही. भरून सांडणारी लघवीही डायपर ओला करते. लागलंच तर एकदाच नळी घालून रिकामं करून काढणं, हे पुन्हा कायमचं कॅथेटर ठेवण्यापेक्षा बरं. अशा पेशंटला रात्री उठून संडासला जायची घाई होते, तेव्हा कॉटचे कठडे आणि बेल हाताशी आहे ना, तेवढं पाहा.

आता समजा उद्या रात्री आजींना १०२ ताप आला, थंडी वाजली आणि बीपी ९० वर आलं. मग हाच रिपोर्ट एकदम महत्त्वाचा होतो. डॉक्टरांना कळवताना ताप आणि बीपीसोबत "परवाच्या युरीन कल्चरमध्ये कार्बापेनेम रेझिस्टंट क्लेबसिएला आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर रात्रीच्या ड्यूटीवरचे डॉक्टर नेहमीचं इंजेक्शन लिहितील आणि ते याला लागू पडणार नाही. अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर दोन वेगवेगळ्या जागांवरून घ्या, मोठ्या माणसाला दर बाटलीत ८ ते १० मिली. एकाच जागेचं, एकाच बाटलीचं कल्चर असेल तर त्वचेवरचा जंतू आला की खरा, हे पुढे सांगणं अवघड होतं. नवा लघवीचा नमुनाही त्याच वेळी घ्या. पण कल्चरसाठी शिरा शोधत बसून औषध लांबवू नका. शॉकमध्ये पहिला डोस तासाभरात जायला हवा, आणि डोस गेल्याची खरी वेळ चार्टवर हवी.

असं काही झालं नाही, तर "जंतू गेले का" हे बघायला आठवड्याने पुन्हा कल्चर पाठवू नका. घरचे आग्रह धरतील, कधी डॉक्टरही "एकदा बघून घेऊ" म्हणतील. लक्षणं नसताना पाठवलेलं कल्चर पॉझिटिव्ह आलं तरी उपचार बदलणार नाही, म्हणून फॉर्म भरण्याआधी "सर, लक्षणं काय लिहू?" एवढं विचारा.